सलाईनच्या बाटलीत मीठ ०.९ टक्केच का असते?

रुग्णालयात खाटेशेजारच्या स्टँडवर लटकणाऱ्या बाटलीला आपण सरसकट ‘सलाईन’ म्हणतो. वॉर्डातील सिस्टर मात्र तिला नेमक्या नावाने ओळखतात. कधी ती एनएस असते, कधी आरएल, कधी डी-फाइव्ह, तर कधी डीएनएस. यांपैकी एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन, आणि तिच्या लेबलवर ‘सोडियम क्लोराइड ०.९ टक्के’ असे छापलेले असते. याचा अर्थ एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम, चहाच्या चमच्याहून थोडे कमीच. रुग्णाच्या नातेवाइकांना पडणारा प्रश्न अगदी रास्त असतो: अंगातले पाणी कमी झाले आहे, तर शुद्ध, निर्जंतुक केलेले पाणीच शिरेतून का देत नाहीत? आणि मीठ घालायचेच, तर ते इतके मोजून मापून का?

याचे उत्तर तांबड्या रक्तपेशीच्या रचनेत आहे. शिरेत सोडलेल्या द्रवाची पहिली गाठ तिच्याशीच पडते. त्या द्रवातील मिठाचे प्रमाण चुकले तर ती काही सेकंदांत फुटते किंवा आक्रसते, आणि यातले बरेचसे एका परीक्षानळीत उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

पाणी कोणत्या बाजूला जाते?

पेशीच्या भोवती एक अतिशय पातळ पटल असते. त्यातून पाणी सहज ये-जा करते, पण मीठ सहजासहजी आत शिरत नाही. तांबड्या पेशीच्या पटलात तर पाण्यासाठी खास वाटा असतात. त्या वाटा तयार करणारे प्रथिन तांबड्या पेशींवर काम करतानाच सापडले. त्याला अ‍ॅक्वापोरिन म्हणतात आणि ते शोधणारे पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या वाटांमुळे तांबड्या पेशीत पाणी इतक्या वेगाने आत-बाहेर होते की बाहेरचा द्रव बदलला की पेशीचा आकार लगेच बदलतो.

पटलाच्या दोन बाजूंना विरघळलेल्या कणांची संख्या वेगळी असेल, तर पाणी कमी कणांच्या बाजूकडून जास्त कणांच्या बाजूकडे जाते. शाळेच्या पुस्तकात यालाच परासरण म्हटलेले आहे. येथे मोजायची असते ती कणांची संख्या. त्यांचे वजन गौण ठरते. म्हणूनच मिठाचे द्रावण ०.९ टक्के आणि ग्लुकोजचे द्रावण ५ टक्के असूनही दोघांतील कणांची संख्या जवळपास सारखी भरते. ग्लुकोजचा एक रेणू मिठाच्या एककाच्या तिप्पट जड असतो, आणि मीठ पाण्यात विरघळताच सोडियम व क्लोराइड असे दोन कण वेगळे होतात, तर ग्लुकोजचा रेणू एकटाच राहतो. एका लिटरमागे कणांची ही संख्या मिलिऑस्मोल या एककात सांगतात. माणसाच्या रक्तद्रवात ती साधारण २७५ ते २९५ असते. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात हिशेबाने ती ३०८ येते, पण द्रावणातले सोडियम व क्लोराइड एकमेकांवर थोडाफार प्रभाव टाकत असल्यामुळे प्रत्यक्ष मोजणी २८६च्या आसपास भरते, म्हणजे बरोबर रक्तद्रवाच्या पट्ट्यात.

ज्या द्रावणात ठेवल्यावर पेशीचे आकारमान बदलत नाही, त्याला समपरासारी म्हणतात. त्याहून विरळ द्रावण अवपरासारी आणि त्याहून दाट द्रावण अतिपरासारी. यांपैकी समपरासारी हा शब्द पुढे पुन्हा पुन्हा येईल.

पाच नळ्या आणि एक थेंब रक्त

एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात हार्टोग याकोब हाम्बुर्गर या डच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिठाच्या द्रावणांत रक्त टाकून तांबड्या पेशींचे काय होते, ते पद्धतशीरपणे पाहिले. सस्तन प्राण्यांच्या रक्ताशी जुळणारी तीव्रता त्याने ०.९२ टक्के ठरवली, आणि आजच्या नॉर्मल सलाईनचा आकडा त्या कामाशीच जोडला जातो. हाच प्रयोग आज कोणत्याही पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत सहज करता येतो.

पाच परीक्षानळ्या घेऊन त्यांत अनुक्रमे ०.९, ०.६, ०.४५, ०.३ टक्के मिठाचे द्रावण आणि शेवटच्या नळीत नुसते शुद्ध पाणी भरावे. प्रत्येकीत रक्ताचा एकेक थेंब टाकून हलक्या हाताने मिसळावे, अर्धा तास थांबावे आणि मग नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवाव्यात. ०.९ टक्क्यांच्या नळीत तळाशी लाल पेशींचा छोटा गोळा बसतो आणि वरचे द्रावण नितळ, रंगहीन राहते, म्हणजे पेशी शाबूत आहेत. ०.६ टक्क्यांतही निरोगी रक्ताबाबत जवळपास तेच दिसते. ०.४५च्या आसपास वरच्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा येते, म्हणजे काही पेशी फुटून त्यांतले हिमोग्लोबिन बाहेर आले आहे. ०.३ टक्क्यांत आणि शुद्ध पाण्यात तळाशी लाल गोळा उरतच नाही आणि सगळे द्रावण पारदर्शक लाल होते. पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर सांडण्याच्या या क्रियेला हिमोलिसिस म्हणतात.

नळी फिरवण्यापूर्वीही फरक ओळखता येतो. पेशी शाबूत असतील तर नळी गढूळ दिसते, कारण तरंगणाऱ्या पेशी प्रकाश विखुरतात. पेशी फुटल्या की गढूळपणा जातो आणि नळीच्या पलीकडच्या कागदावरची अक्षरे वाचता येतात. अनेकांना हे उलटे वाटते, पण येथे स्वच्छ, पारदर्शक नळी हीच बिघाडाची खूण असते.

०.६ टक्क्यांत न फुटणारी पेशी ०.४५ला का फुटते?

द्रावण थोडे विरळ झाले की थोड्या पेशी फुटतील, आणखी विरळ झाले की आणखी फुटतील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ०.९पासून ०.५ टक्क्यांपर्यंत निरोगी रक्तात जवळजवळ काहीच फुटत नाही, आणि त्यानंतरच्या अगदी अरुंद पट्ट्यात सगळे घडून जाते. निरोगी रक्तात हिमोलिसिस साधारण ०.४५ ते ०.५ टक्क्यांच्या दरम्यान सुरू होते आणि ०.३ ते ०.३५ला पूर्ण होते.

याचे कारण पेशीच्या आकारात आहे. तांबडी पेशी चेंडूसारखी गोल नसून दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली चकती असते. तिचा व्यास साडेसात ते आठ मायक्रोमीटर असतो. गच्च न भरलेल्या धान्याच्या पोत्यासारखी तिची स्थिती असते: आतला माल वाढला तरी पोत्याच्या कापडाला ताण बसत नाही, फक्त त्याच्या घड्या उलगडत जातात. ते पूर्ण गोल, टच्च झाले की मात्र पुढचा प्रत्येक दाणा थेट शिवणीवर येतो. तांबड्या पेशीचे पटल वाकायला व दुमडायला फार सोपे असते, पण ताणले जाताना ते क्षेत्रफळाच्या तीन-चार टक्क्यांहून अधिक वाढू शकत नाही; त्यापुढे ते फाटते.

याचा हिशेब मांडून पाहता येतो. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही म्हणून जो आकडा येतो, तो एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सांगतो. तो ९० आहे असे धरू. त्यातले सुमारे ६५ भाग पाणी असते आणि उरलेले २५ भाग मुख्यतः हिमोग्लोबिन. तेवढ्याच पटलाचा पूर्ण गोल चेंडू केला, तर त्यात साधारण १५० भाग मावतात. म्हणजे पटलाला ताण न देता पेशी आपले पाणी ६५ वरून १२५ पर्यंत, जवळपास दुप्पट करू शकते. आतले कण तेवढेच राहत असल्यामुळे पाणी दुप्पट होण्यासाठी बाहेरचे द्रावण निम्मे विरळ व्हावे लागते. ०.९चे निम्मे ०.४५. नळीत गुलाबी छटा ज्या ठिकाणी दिसली, तोच हा आकडा. पेशींच्या आकारांत आणि वयांत फरक असल्यामुळे सगळ्या एकदम फुटत नाहीत. जुन्या पेशींचे पटल कमी झालेले असते, त्यामुळे त्या आधी फुटतात.

हाच हिशेब आजार ओळखायलाही वापरतात. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या विकारात पेशी मुळातच गोलसर असतात, त्यांच्याकडे फुगायला जागा नसते, आणि त्या निरोगी पेशींहून कितीतरी दाट द्रावणात फुटू लागतात. थॅलेसेमियाच्या वाहकांत उलटे घडते: पटल पुरेसे, पण आत हिमोग्लोबिन कमी, म्हणून पेशी पातळ असतात आणि विरळ द्रावणातही तग धरतात. भारतात थॅलेसेमियाच्या चाळणीसाठी ‘नेस्ट्रॉफ्ट’ नावाची स्वस्त चाचणी वापरली जाते. तीत ०.३६ टक्क्यांच्या बफर मिसळलेल्या मिठाच्या द्रावणात थोडे रक्त टाकतात आणि अर्ध्या तासाने नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरतात. रेघ स्पष्ट दिसली तर पेशी फुटल्या, म्हणजे चाचणी निगेटिव्ह. रेघ दिसली नाही किंवा पुसट दिसली, तर पेशी शाबूत राहून द्रावण गढूळ राहिले, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह. लोहाच्या कमतरतेतही पेशी पातळ होत असल्यामुळे तेव्हाही रेघ पुसट दिसू शकते. म्हणून केवळ या चाचणीवरून कुणालाही थॅलेसेमियाचा वाहक ठरवत नाहीत. हिमोग्लोबिनच्या प्रकारांची पुढची तपासणी करावीच लागते.

द्रावण दाट असेल तर

उलट्या दिशेचा परिणाम इतका नाट्यमय नसतो, पण तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखा असतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन त्यावर ३ टक्के मिठाच्या द्रावणाचा थेंब टाकला, तर पाहता पाहता गुळगुळीत चकत्यांच्या कडेला बारीक बारीक टोके उगवतात आणि पेशी काटेरी गोळ्यांसारख्या दिसू लागतात. आतले पाणी बाहेर निघून जाते, पण पटलाचे क्षेत्रफळ तेवढेच राहते, म्हणून ते असे टोकाटोकांनी गोळा होते. याला क्रेनेशन म्हणतात.

येथे पेशी फाटत नाही, त्यामुळे थोड्याच वेळात तिला पुन्हा समपरासारी द्रावणात आणले तर ती बहुधा पूर्ववत होते. आक्रसलेल्या अवस्थेत मात्र तिची अडचण होते. ३ टक्के द्रावणात आतले पाणी वरच्या हिशेबाने ६५ वरून १९.५च्या आसपास येते, आणि पेशीतले हिमोग्लोबिन दुपटीहून दाट होते. अशी पेशी कडक बनते. आपल्या सर्वांत बारीक केशवाहिन्या तांबड्या पेशीपेक्षाही अरुंद असतात, आणि पेशी दुमडून, लांबोळी होऊन त्यांतून निसटते. कडक पेशीला ते जमत नाही.

रक्ताच्या रिपोर्टवर ‘क्रेनेटेड सेल्स’ असा शेरा दिसला, तर लगेच घाबरून जाऊ नये. रक्त नळीत बराच वेळ पडून राहिले किंवा काचपट्टी सावकाश वाळली, तरीही पेशींना अशी टोके येतात. त्यामुळे ताज्या रक्ताची पट्टी पुन्हा करून पाहिल्यावरच त्या शेऱ्याला अर्थ द्यावा.

शुद्ध पाणी शिरेत गेले तर काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निर्जंतुक पाणी, म्हणजे वॉर्डातील ‘डिस्टिल वॉटर’, अँटिबायोटिकची पावडर विरघळवण्यासाठी छोट्या अँप्युलमध्ये येते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी धुण्यासाठी ते मोठ्या बाटल्यांतही ठेवले जाते. धोका या मोठ्या बाटल्यांचा. दिसायला त्या सलाईनसारख्याच असतात, द्रवही तसाच नितळ, फरक फक्त लेबलवर असतो.

समजा अर्धा लिटर शुद्ध पाणी हाताच्या शिरेत जोडले गेले. येथे जाणकार वाचक एक रास्त आक्षेप घेईल: प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते, त्यात अर्धा लिटर मिसळले तर कणांची संख्या २९० वरून जेमतेम २८७ होईल. मग इतके कशाचे भय?

हा हिशेब बरोबर आहे, पण तो पाणी सगळीकडे मिसळून झाल्यानंतरचा आहे. पेशीचे भवितव्य त्याआधीच, सुईच्या टोकापाशी ठरते. हाताच्या शिरेतून रक्त तुलनेने सावकाश वाहते. सुईतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेत सापडलेल्या पेशींच्या भोवती काही क्षण जवळपास शुद्ध पाणीच असते, आणि त्यांना फुटायला तेवढे क्षण पुरतात. पुढे त्या धारेत कितीही रक्त मिसळले तरी फुटलेली पेशी पुन्हा जुळत नाही. बाटली चालू राहील तोवर दर सेकंदाला नव्या पेशी त्या टोकाजवळून जात राहतात आणि फुटत राहतात.

फुटलेल्या पेशींतून दोन गोष्टी बाहेर पडतात आणि दोन्ही त्रासदायक ठरतात. पहिली म्हणजे पोटॅशियम. ते पेशीच्या आत रक्तद्रवाच्या कितीतरी पट असते. मोठ्या प्रमाणात बाहेर आले तर हृदयाची लय बिघडू शकते, आणि ते ईसीजीवर दिसते. दुसरी म्हणजे सुटे हिमोग्लोबिन. रक्तद्रवात ते पकडून ठेवणारे हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन असते, पण त्याचा साठा मर्यादित असतो. तो संपला की हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गाळले जाते आणि तेथील सूक्ष्म नलिकांना इजा करते. रुग्णाची लघवी लालसर किंवा कोकच्या रंगाची होते, आणि त्याच वेळी रक्ताचा नमुना सेंट्रिफ्यूज केला तर एरवी पिवळसर दिसणारा रक्तद्रव गुलाबी किंवा लाल दिसतो. या दोन खुणा एकत्र दिसल्या की चालू असलेला द्रव ताबडतोब बंद करून बाटलीचे लेबल तपासायचे असते. ती बाटली फेकून द्यायची नसते, कारण नेमके काय चुकले ते तिच्यावरूनच कळते.

एक गोष्ट येथे वेगळी ठेवायला हवी. ‘सॅम्पल हिमोलाइझ झाले, पुन्हा रक्त द्यावे लागेल’ असे प्रयोगशाळेतून सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा पेशी रुग्णाच्या शरीरात फुटलेल्या नसतात. सिरिंजने जोराने ओढताना किंवा नळी जोराने हलवताना फुटलेल्या असतात. तरीही त्या नमुन्यात पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते, म्हणून पुन्हा नमुना घेण्याचा आग्रह योग्यच असतो.

मग आपण पाणी पितो, तेव्हा पेशी का फुटत नाहीत?

प्यालेले पाणी थेट रक्तात पडत नाही. ते जठरातून हळूहळू आतड्यात उतरते, तेथे पाचकरसांशी मिसळते, आणि आतड्याच्या मोठ्या पृष्ठभागावरून थोडे थोडे शोषले जाऊन केशवाहिन्यांच्या विस्तीर्ण जाळ्यात जाते. कोणत्याही एका पेशीच्या भोवती शुद्ध पाणी कधीच जमा होत नाही. जास्तीचे पाणी मूत्रपिंड काही तासांत बाहेर टाकते. म्हणूनच तोंडाने घेण्याच्या ओआरएसला समपरासारी असण्याची सक्ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुचवलेल्या ओआरएसमध्ये कणांची संख्या २४५ मिलिऑस्मोल आहे, रक्तद्रवाहून कमी, आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे, कारण त्यामुळे आतड्यातून पाणी अधिक चांगले शोषले जाते. तेच द्रावण शिरेतून देण्याचा विचार कुणीही करणार नाही; ते निर्जंतुकही नसते.

कणांची संख्या सारखी, तरीही पेशी फुटते

येथपर्यंत वाचून ‘बाटलीतल्या कणांची संख्या रक्ताइतकी ठेवली की काम झाले’ असा निष्कर्ष निघेल. तो अपुरा आहे, आणि ते दाखवणारा प्रयोग माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग आहे.

एका नळीत ०.९ टक्के मिठाचे द्रावण घ्यावे आणि दुसरीत १.८ टक्के युरियाचे. दोन्हींत कणांची संख्या सुमारे ३००, रक्तद्रवाच्या जवळपास. दोन्हींत रक्ताचा थेंब टाकावा. मिठाची नळी गढूळ राहते. युरियाची नळी काही सेकंदांत पारदर्शक लाल होते, जणू आपण शुद्ध पाणीच घेतले होते.

याचे कारण असे की युरिया तांबड्या पेशीच्या पटलातून आरपार जातो. बाहेर असलेला युरिया आत शिरतो, त्यामुळे आतील कणांची संख्या वाढते, पाणी त्याच्यामागे आत येते, आणि हे पेशी फुटेपर्यंत चालू राहते. पेशीला बाहेरून तोलून धरतात ते फक्त बाहेरच राहणारे कण. मीठ बाहेर राहते, म्हणून ते उपयोगी पडते. द्रावण समपरासारी आहे की नाही, हे ठरवताना बाटलीतले सगळे कण न मोजता पटलाबाहेर टिकणारे कणच मोजायचे असतात.

डी-फाइव्ह, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीचे वागणे यावरून कळते. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. बाटलीत त्याच्या कणांची संख्या रक्तद्रवाच्या जवळपास असते, त्यामुळे शिरेत जाताना सुईच्या टोकापाशी पेशी फुटत नाहीत. पण पुढच्या काही तासांत शरीर ते ग्लुकोज वापरून टाकते आणि मागे उरते ते निव्वळ पाणी. म्हणजे सुरक्षित वाटेने, हळूहळू पाणी देण्याचाच हा एक मार्ग आहे. शरीरात पाणी कमी पडून सोडियम वाढलेल्या रुग्णाला नेमके हेच हवे असते. जुलाब-उलट्यांनी पाणी आणि मीठ दोन्ही गमावलेल्या, रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला मात्र ते उपयोगाचे नाही.

रक्त चढवताना त्याच नळीतून डी-फाइव्ह देऊ नये, हा रक्तपेढ्यांचा नियमही येथूनच आला आहे. शिरेत ग्लुकोज लगेच मोठ्या प्रवाहात मिसळते, पण नळीत पेशी त्या द्रावणातच बराच वेळ अडकून राहतात. माणसाच्या तांबड्या पेशीत ग्लुकोज आत नेणारे वाहक भरपूर असतात. ग्लुकोज आत जाते, पाणी मागोमाग जाते, पेशी एकमेकींना चिकटतात, फुगतात आणि काही फुटतात. म्हणून रक्ताच्या पिशवीबरोबर त्याच नळीत नॉर्मल सलाईनच चालते.

एका चकतीपुरता प्रश्न नाही

समपरासारी द्रवाची गरज फक्त तांबड्या पेशींना असते, असेही नाही. तांबड्या पेशीला फुगायला जागा तरी असते. मेंदूच्या पेशींना ती नसते, कारण त्या कवटीच्या बंद पेटीत असतात. रक्तद्रव विरळ झाला की पाणी मेंदूच्या पेशींतही शिरते. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी येते, नंतर झटके येऊ शकतात, आणि हे सगळे एकही तांबडी पेशी न फुटता घडते.

लहान मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. पूर्वी मुलांना दैनंदिन गरजेच्या हिशेबाने मीठ बरेच कमी आणि ग्लुकोज जास्त असलेले द्रव सर्रास दिले जात. निरोगी मूल जास्तीचे पाणी लघवीतून टाकून देते. पण न्यूमोनिया, मेंदूज्वर, वेदना किंवा शस्त्रक्रियेनंतर शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक जास्त स्रवते, आणि तेच पाणी बाहेर पडत नाही. सोडियम उतरत जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०१८ साली २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अशा वेळी समपरासारी द्रव द्यावेत, त्यांत आवश्यकतेनुसार पोटॅशियम व डेक्स्ट्रोज मिसळावे, अशी स्पष्ट शिफारस केली. ग्लुकोजची गरज खरीच असते. ती मीठ कमी न करता भागवायची असते. नवजात अर्भके आणि हृदय, यकृत वा मूत्रपिंडाचे काही रुग्ण या शिफारशीत येत नाहीत, कारण त्यांचा हिशेब वेगळा असतो.

नियम इतका कडक, तर अर्धे आणि तिप्पट सलाईन कसे चालते?

वॉर्डात ‘हाफ नॉर्मल’, म्हणजे ०.४५ टक्के, आणि आयसीयूत ‘थ्री पर्सेंट’ अशा बाटल्या असतातच. वरचा सगळा युक्तिवाद खरा असेल तर या का चालतात, हा प्रश्न टाळता येणार नाही.

०.४५ टक्के हा आकडा पेशी फुटण्याच्या उंबरठ्यावरचा आहे, पण तो नळीतला. शिरेत त्या द्रावणात लगेच रक्तद्रव मिसळतो, आणि थोडासा रक्तद्रव मिसळला तरी मिश्रण उंबरठ्याच्या वर येते. त्यामुळे ते सावकाश दिले तर सुईच्या टोकापाशी हिमोलिसिसचा प्रश्न येत नाही. शुद्ध पाण्याला ही सवलत मिळत नाही, कारण उंबरठ्याच्या वर यायला त्याला त्याच्याइतकाच रक्तद्रव मिसळावा लागतो, आणि तोवर पेशी फुटून गेलेल्या असतात. ०.४५ टक्के द्रव देताना काळजी घ्यावी लागते ती सोडियम उतरण्याची.

३ टक्के सलाईनमध्ये सोडियम लिटरमागे ५१३ मिलिमोल असते, नॉर्मल सलाईनच्या तिपटीहून अधिक. सुईजवळच्या काही पेशी त्यात क्षणभर आक्रसतात, पण पुढे मिसळताच पूर्ववत होतात. ते देण्याचा हेतूच पाणी बाहेर ओढण्याचा असतो: सोडियम फार उतरून झटके येत असतील किंवा मेंदूला सूज असेल, तेव्हा रक्तद्रव किंचित दाट करून मेंदूच्या पेशींतले पाणी काढून घ्यायचे असते. प्रौढ रुग्णाला झटके येत असतील तर सुरुवातीला १०० ते १५० मिलिलिटर दहा-वीस मिनिटांत देतात, आणि गरज पडल्यास ते एक-दोनदा पुन्हा देतात. त्यानंतर मात्र घाई घातक ठरते. बरेच दिवस सोडियम कमी असलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या पेशींनी स्वतःतले काही कण आधीच बाहेर टाकून जुळवून घेतलेले असते; अशा वेळी सोडियम झपाट्याने वाढवले तर त्या आक्रसतात आणि मज्जातंतूंवरील आवरण उतरू शकते. बोलणे, गिळणे आणि हातापायांची ताकद जाण्याचा हा परिणाम काही दिवसांनी उघड होतो, आणि तो नेहमी भरून येतो असे नाही. म्हणून चोवीस तासांत सोडियम ८ ते १० मिलिमोलच्या पुढे वाढू न देण्याची मर्यादा पाळतात आणि दर काही तासांनी रक्त तपासून बाटलीचा वेग बदलत राहतात. आयसीयूत असलेल्या रुग्णाचे रक्त रात्रीतून दोन-तीनदा का काढले, असे नातेवाइकांना वाटते, तेव्हा बहुधा याच आकड्यावर लक्ष ठेवले जात असते.